पहिला हिमालयीन ट्रेक निवडताना: शिखराची नव्हे, मुक्कामाची उंची पाहा

हिमालयात ट्रेकला जाण्यापूर्वी फिटनेस सर्टिफिकेटवर सही घ्यायला अनेक जण दवाखान्यात येतात. बहुतेकांचे पैसे भरलेले असतात, तिकिटे निघालेली असतात आणि जायला जेमतेम आठवडा उरलेला असतो. डॉक्टर रक्तदाब पाहतात, छाती तपासतात, क्वचित ईसीजी काढतात आणि सही करतात. या तपासणीतून हृदय आणि फुप्फुसांचा आजचा अंदाज येतो. मात्र तिसऱ्या रात्री 3,400 मीटरवर तुमचे डोके दुखेल की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. ते बरेचसे ट्रेकच्या आखणीवर ठरते. म्हणून डॉक्टरांशी बोलायची योग्य वेळ ट्रेक निवडण्यापूर्वीची आहे.

## सह्याद्रीचा सराव आणि हिमालयाची उंची

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर 1,646 मीटर आहे. तिथे हवा किंचित विरळ असते, पण शरीराला ते फारसे जाणवत नाही. धाप लागते ती चढामुळे. साधारण 2,500 मीटरच्या वर चित्र बदलू लागते. 3,500 मीटरवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे 65 टक्केच असतो. तुम्ही नुसते बसून असलात तरी ही तूट असतेच.

ती भरून काढण्यासाठी शरीर सर्वांत आधी श्वासाचा वेग वाढवते. पण जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त थोडे अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती जास्तीचा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्यासाठी त्यांना दोन-तीन दिवस लागतात. उंचीवर गेल्यावर लघवीला जास्त वेळा जावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. हिमोग्लोबिन वाढण्याची प्रक्रिया तर काही आठवड्यांची असते. आठ दिवसांच्या ट्रेकमध्ये तिचा फारसा उपयोग होत नाही.

विरळ हवेशी शरीर असे हळूहळू जुळवून घेते, त्यालाच अॅक्लमटायझेशन म्हणतात. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याची मूत्रपिंडे न पळणाऱ्यापेक्षा हे काम लवकर उरकत नाहीत. उलट तंदुरुस्त माणूस झपाझप चढतो, सगळ्यांच्या आधी कॅम्पवर पोहोचतो आणि रात्री त्याचेच डोके ठणकू लागते, असे नेहमी घडते. व्यायाम हवाच, पण तो पाय, गुडघे आणि दमासाठी. उंचीसाठी लागतो तो वेळ.

## झोपण्याची उंची का महत्त्वाची?

दिवसा तुम्ही चालता, बोलता, खोल श्वास घेता. झोपेत श्वास मंदावतो, मध्येच काही सेकंद थांबतो, मग जोरात सुरू होतो. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन रात्री सर्वांत खाली जातो. दिवसा 3,800 मीटरचे शिखर गाठून 2,700 मीटरवर झोपायला उतरणे शरीराला तुलनेने सोपे जाते. तेवढ्याच उंचीवर मुक्काम करणे कितीतरी जड जाते. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत शिखराचीच उंची लिहिलेली असते.

पर्वतीय वैद्यकात यासाठी एक सोपा नियम आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर आणखी काढावी. शिवाय पहिल्याच दिवशी 2,800 मीटरच्या वर जाऊन झोपू नये. हा नियम पाळला की त्रास होणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र धोका बराच कमी होतो.

ट्रेक निवडताना एक कागद घ्या. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एकाखाली एक लिहा आणि दोन आकड्यांमधला फरक शेजारी मांडा. आयोजकाने ‘सोपा’, ‘मध्यम’ असे काहीही म्हटले असले, तरी ट्रेक तुमच्या शरीराकडून काय मागणार आहे ते या कागदावर दिसेल.

## तीन ट्रेक, एकच तक्ता

नवशिक्यांना नेहमी सुचवले जाणारे तीन ट्रेक या पद्धतीने पाहू. कॅम्पच्या जागा आयोजकानुसार थोड्या बदलतात, म्हणून आकडे अंदाजे धरा.

केदारकांठा, उत्तराखंड. डेहराडूनहून दिवसभर गाडीने सांकरीला, मुक्काम 1,950 मीटर. दुसरी रात्र जुडा का तालाब परिसरात, 2,750 मीटर. तिसरी रात्र बेस कॅम्पवर, 3,400 मीटर. चौथ्या दिवशी पहाटे सुमारे 3,800 मीटरच्या शिखरावर जाऊन त्याच दिवशी पुन्हा 2,700 मीटरच्या आसपास झोपायला उतरायचे. इथे फक्त एक उडी खटकते, तिसऱ्या रात्रीची 650 मीटरची. पण जास्त उंचीवरची रात्र ती एकच आहे आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही खाली येता. त्रास झालाच तर आलेल्या वाटेने उतरता येते.

हामटा पास, हिमाचल प्रदेश. मनाली 2,050 मीटर. दुसऱ्या दिवशी गाडीने जोबरापर्यंत आणि पुढे चालत चिका, मुक्काम 3,100 मीटर. म्हणजे पहिलीच उडी हजार मीटरची. तिसरी रात्र बालू का घेरा, 3,600 मीटर. चौथ्या दिवशी 4,270 मीटरची खिंड ओलांडून शिया गोरूला, 3,900 मीटरवर झोपायचे. इथे आणखी एक अडचण आहे. केदारकांठ्यासारख्या शिखराच्या ट्रेकमध्ये मागे फिरणे म्हणजे उतरणे. खिंड ओलांडल्यावर मात्र मागे फिरायचे तर आधी पुन्हा चढावे लागते. शिया गोरूला मध्यरात्री कोणाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर छत्रूच्या दिशेने पुढे उतरणे एवढाच मार्ग उरतो. मनालीत एक आणि चिकाला एक अशी जादा रात्र काढली तर हा ट्रेक बराच सुसह्य होतो, पण पहिल्या ट्रेकसाठी मी तो सुचवत नाही.

संदकफू, पश्चिम बंगाल. बागडोगऱ्याहून गाडीने मानेभंजंगला, मुक्काम सुमारे 2,100 मीटर. दुसरी रात्र टुमलिंग, 2,900 मीटर. तिसरी कालीपोखरी, 3,150 मीटर. चौथी संदकफू, 3,636 मीटर. 3,000 मीटरच्या वर एकही उडी 500 मीटरपेक्षा मोठी नाही. मुक्काम तंबूऐवजी लॉजमध्ये असतो, त्यामुळे रात्री उबदार राहता येते. आणि संदकफूपर्यंत जीपचा रस्ता आहे. ट्रेकरला हा रस्ता पाहून वाईट वाटते, डॉक्टरला मात्र बरे वाटते, कारण आजारी माणसाला एका तासात बरेच खाली आणता येते. हाच रस्ता दुधारीही आहे. सकाळी मानेभंजंगहून जीपने निघून रात्री संदकफूला झोपणारा प्रवासी एका दिवसात 1,500 मीटर वर जातो. तीन दिवस चालत गेलेल्यापेक्षा त्याला धोका जास्त असतो, जरी त्याने एकही चढ चढलेला नसला तरी.

लडाखमधले ट्रेक या यादीत नाहीत. विमानाने लेहला उतरलात की पहिल्याच रात्री तुम्ही सुमारे 3,500 मीटरवर झोपता. तिथला कोणताही ट्रेक निवडायचा असेल तर लेहमध्ये किमान दोन-तीन रात्री विश्रांती घेऊनच चालायला सुरुवात करावी आणि सुट्टीचा हिशेब तसा मांडावा.

## ऋतू फक्त कपड्यांचा प्रश्न नाही

डिसेंबर-जानेवारीतल्या केदारकांठ्याच्या बर्फाचे फोटो पाहून अनेक जण पहिला ट्रेक तोच ठरवतात. उंचीच्या हिशेबात तो बरा आहे, पण त्या दिवसांत थंडी आणखी एक ओझे टाकते. थंडीने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो. विरळ हवेने तो आधीच वाढलेला असतो. त्यात बर्फातून चालण्याचे कष्ट आले की काही जणांच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. शिवाय थंडीत पाणी पिणे होत नाही, झोप लागत नाही, आणि बर्फामुळे आजारी माणसाला खाली न्यायला जास्त वेळ लागतो. बर्फ पाहायचाच असेल तर तो दुसऱ्या ट्रेकला पाहा.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. ट्रेक नीट पार पडला तरी घरी परतायची वाट अडते. संदकफूचा मार्ग ज्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जातो, ते पावसाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर बंद असते. हामटा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खुला असतो, त्यामुळे मेमधल्या शाळेच्या सुट्टीत तो जमत नाही.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचा विचार केला तर दोन काळ उरतात. एप्रिल-मे, म्हणजे उकाड्याचे दिवस, तेव्हा संदकफूच्या वाटेवर गुरांस फुललेले असतात, पण दुपारी ढग येतात. दुसरा काळ दिवाळीच्या मागचा-पुढचा. आकाश स्वच्छ, वाट कोरडी, आणि थंडी असली तरी कडाक्याची नाही. पहिल्या ट्रेकसाठी मी दिवाळीचा काळ वर ठेवेन.

## एक उदाहरण

समजा, ठाण्यातल्या एका बँकेत काम करणाऱ्या 44 वर्षांच्या बाई ऑगस्टमध्ये विचारायला आल्या आहेत. रक्तदाबासाठी रोज अॅम्लोडिपिनची गोळी घेतात, रक्तदाब आटोक्यात आहे. हिमोग्लोबिन 9.8. दिवाळीला नऊ दिवसांची सुट्टी मिळणार आहे. मैत्रिणी केदारकांठ्याला निघाल्या आहेत, चालत्या-बोलत्या सगळ्यांना जमतो म्हणतात.

रक्तदाबाची गोळी हा अडथळा नाही. ती ट्रेकमध्येही वेळेवर घ्यायची, चालण्याच्या नादात चुकवायची नाही. खरी अडचण हिमोग्लोबिनची आहे. हवेत ऑक्सिजन कमी, आणि तो वाहून नेणारे रक्तही कमी, असे दोन्ही एकदम होईल. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सावरायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून ऑगस्टमध्ये येणे उपयोगाचे. रक्त कशामुळे कमी आहे ते शोधायचे, उपचार सुरू करायचे आणि ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा तपासायचे. तेव्हाही सुधारणा नसेल तर ट्रेक पुढे ढकलायचा.

तेच बारा आठवडे सरावाचे. आठवड्यातून चार दिवस भरभर चालणे, दोन दिवस जिने चढणे-उतरणे आणि रविवारी पाठीवर पाच-सहा किलो घेऊन डोंगर. उतरण्याचा सराव विसरू नये. उतारावर मांडीचे स्नायू ताणत काम करतात, आणि सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. पायऱ्यांची ही कसोटी पुरेशी आहे: आतकरवाडीहून सिंहगड, म्हणजे सुमारे सहाशे मीटरचा चढ, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलत दोन तासांच्या आत चढता यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तितकेच चालायला पाय तयार असावेत. ठाण्याहून सिंहगड लांब वाटत असेल तर एवढ्याच चढाचा जवळचा डोंगर चालेल.

ट्रेक संदकफू. नऊ दिवस हाताशी आहेत, तर त्यातला एक टुमलिंगला जास्तीचा. त्या दिवशी सकाळी जवळच्या टोंगलूपर्यंत, सुमारे 3,070 मीटरपर्यंत, चढून यायचे आणि पुन्हा टुमलिंगलाच झोपायचे. दिवसा वर, रात्री खाली. मग कालीपोखरी, मग संदकफू. हिशेब असा: 2,100, 2,900, 2,900, 3,150, 3,636. उतरून परत येण्याचे आणि प्रवासाचे दिवस धरूनही हे नऊ दिवसांत बसते, आणि कोणाचे डोके दुखलेच तर एक रात्र थांबायची सोयही राहते. मैत्रिणींना केदारकांठ्यालाच जायचे असेल, तर सांकरीत एक रात्र जास्तीची मागणे आणि बर्फ पडण्याआधी जाणे ही तडजोड मान्य करण्यासारखी आहे.

## कोणी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे?

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, गर्भारपण, इन्सुलिनवरचा मधुमेह, आणि पूर्वी उंचीवर झालेला गंभीर त्रास यांपैकी काहीही असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. एक गोष्ट सहसा राहून जाते. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल आढळतो. ज्यांच्यात तो आजार नसून फक्त वाहकपणा आहे, त्यांना घरी काहीच जाणवत नाही. पण उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येऊ शकते. कुटुंबात सिकलसेल असेल तर साधी रक्ततपासणी करून घ्या.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, या गोळीबद्दल सगळे विचारतात. वर सांगितलेले मूत्रपिंडांचे काम ही गोळी लवकर सुरू करून देते. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती परस्पर घेऊ नये. संदकफूच्या वरच्या आखणीत बहुतेकांना तिची गरज नसते. घाईची आखणी गोळीच्या भरवशावर स्वीकारणे मात्र चूक आहे.

## पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

आयोजकाला फोन करून चार गोष्टी विचारा. प्रत्येक रात्रीची मुक्कामाची उंची किती? जास्तीची रात्र घ्यायची तर सोय आहे का? सर्वांत उंच कॅम्पवर रात्री दोन वाजता कोणी आजारी पडले तर रस्त्यापर्यंत पोहोचायला किती तास लागतात आणि सोबत ऑक्सिजन असतो का? आणि एकाला उतरावे लागले तर त्याच्यासोबत कोण जाते? शेवटच्या प्रश्नाला ‘तशी वेळ येत नाही’ असे उत्तर आले तर दुसरा आयोजक शोधा.

## उतरायचे कधी, हे आधीच ठरवा

नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखे वाटू लागले, तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरा. ‘उन्हाने झाले असेल’ असे म्हणत पुढे जाऊ नका. त्याच ठिकाणी थांबा, पाणी प्या, डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालेल. दारू आणि झोपेची गोळी नको, दोन्हींमुळे झोपेतला श्वास आणखी मंदावतो. पूर्ण बरे वाटेपर्यंत वर झोपायला जाऊ नका. थांबूनही त्रास वाढत असेल तर खाली या.

दोन लक्षणांत मात्र थांबणेही धोक्याचे. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, काल सहज चालणारा आज दहा पावलांत थांबणे, हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण असू शकते, आणि ते बहुधा उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीपासून दिसते. दुसरे, चालताना झोक जाणे किंवा बोलण्यात गोंधळ. संशय आला तर त्या माणसाला एका सरळ रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावून दहा पावले चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याचे समजा. दोन्हींत ऑक्सिजन असेल तर लावा आणि रात्र असली तरी लगेच उतरवा, एकट्याला कधीही नाही. तीनशे मीटर उतरल्यावरही पुष्कळदा फरक दिसू लागतो, पण फरक दिसेपर्यंत उतरत राहायचे आणि मग रुग्णालय गाठायचे.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत न्यायला हरकत नाही, पण गार पडलेल्या बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते. 3,500 मीटरवर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली असू शकतो. आकडा चांगला आणि माणूस झोकांड्या खात असेल, तर माणसावर विश्वास ठेवा आणि उतरा.